शंभर टक्के प्रशिक्षित

आमच्या दादाच्या मते वकील दोनच प्रकारचे. कोर्टात उभे राहणारे, आणि बाकीचे कारकून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अर्थातच पहिल्या प्रकारातला. मी आणि माझा नवरा दुसऱ्या. मी कायद्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकासाठी निकालांचे सारांश लिहिते. भलामोठा निकाल वाचायचा आणि त्यातला कायद्याचा मुद्दा चार ओळींत मांडायचा. त्याच चार ओळी दादा कोर्टात अशा थाटात वाचतो, जणू अख्खा निकाल कोळून प्यायलाय. कारकुनाचं वापरतो आणि कारकुनालाच नावं ठेवतो.

नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत कम्प्लायन्सचं बघतो. कंपनी कायदे पाळते की नाही, परवाने वेळेवर होतात का, कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण मिळतं का, याच्या मागे लागणं हे त्याचं काम. सारखा मागे लागतो म्हणून ऑफिसात सगळे त्याला मास्तर म्हणतात. आता मीही म्हणते. उमेदीच्या काळात तो एकदा कोर्टात उभा राहिला होता आणि तोंडातून शब्द फुटला नव्हता. तो किस्सा दादा प्रत्येक कौटुंबिक जेवणात सांगतो. मास्तर हसून भाजी वाढून घेतो. ऑफिसातलं मात्र तो घरी कधीच काढत नाही. मी खोदून विचारलं तरी नाही.

मला सगळं कळलं ते दादामुळे. कंपनीनं एका खटल्यासाठी नेमका त्यालाच वकील नेमला होता. रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला आणि बोटं चाटत सगळं भडाभडा बोलून मोकळा झाला. मास्तरनं दोनदा त्याला थांबवायला पाहिलं. पण दादाचं तोंड एकदा सुटलं की सुटलं.

कटिंग मशीनवरच्या एका ऑपरेटरची उजव्या हाताची बोटं गेली होती. मशीनवर संरक्षणाची जाळी असते, ती काढलेली होती. कंपनीचं म्हणणं, त्यानं ती स्वतःच्या मर्जीनं काढली. प्रशिक्षण मिळालेलं असूनही मुद्दाम नियम मोडला, तेव्हा भरपाई नाही. कायद्यात अशी पळवाट खरंच आहे. मी तिच्यावर कितीतरी सारांश लिहिलेत. पण त्यासाठी कामगाराला नियम नीट सांगितला होता हे दाखवावं लागतं. म्हणून दादाला मास्तरची एका कागदावर सही हवी होती. 'माझ्या माहितीप्रमाणे सदर कामगाराला प्रशिक्षण देण्यात आले होते.' बस, एवढंच.

आणि मास्तर सही देत नव्हता. कारण अपघातानंतर तो कोणालाही न सांगता खाली कारखान्यात गेला होता आणि चारचौघांना विचारून आला होता. जाळी सुपरवायझरनंच काढायला लावली होती, माल लवकर निघतो म्हणून. प्रशिक्षण म्हणजे सुपरवायझर चहा पीत टॅबलेटवर सगळ्यांच्या नावापुढे टिक मारत बसायचा. यात लपवाछपवीही नव्हती. त्यानं मास्तरला हसत हसत सांगितलं, साहेब, नाहीतर तुमच्या अहवालातले शंभर टक्के भरायचे कसे?

"तू खाली गेलासच कशाला?" दादा म्हणाला. "विचारलंच नसतंस, तर तुला माहीत नसतं. माहीत नसतं, तर सही खरी झाली असती."

मला शिसारी आली. एका माणसाची बोटं गेलीत आणि माझा सख्खा भाऊ माझ्याच घरात जेवत, डोळ्यांवर कातडं कसं ओढायचं ते शिकवतोय. वर याला हुशारी म्हणायचं.

मास्तर शांतपणे म्हणाला, "माहिती ठेवण्याचाच पगार घेतो मी."

दादानं नाक मुरडलं आणि ताक मागितलं. मी दिलं नाही.

सोमवारी मास्तरनं जे पाहिलं-ऐकलं ते लिहून काढलं आणि थेट संचालकांच्या समितीपुढे ठेवलं. स्वतःच्या वरच्या साहेबाला वगळून तिथे जायचा त्याला अधिकार आहे. त्याच्या नोकरीतलं हे एकच हत्यार. मग वरचे लोक हलले. लाजेनं नव्हे हं, भीतीनं. असं टिपण फायलीत पडलेलं असताना खटला लढवणं परवडलं नसतं. तडजोड ठरली, भरपाई पूर्ण. मला वाटलं, चला, संपलं.

आठवड्याभरात तो ऑपरेटर आमच्या दारात उभा. हाताला बँडेज, काखेत प्लास्टिकची पिशवी. कारखान्यातल्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं, चौकशी करणारा साहेब हाच. पिशवीतून तडजोडीचा कागद काढून त्यानं मास्तरपुढे धरला. उद्या सही करायला बोलावलंय, म्हणाला. करू का साहेब? वकील त्याच्याकडे नव्हता. कंपनीनंच सांगितलं होतं, आता कशाला खर्चात पडतोस.

मास्तरनं कागदाला हातही लावला नाही. "मी कंपनीचा वकील आहे," तो म्हणाला. "तुम्हाला सल्ला देता येणार नाही मला. तुमचा स्वतःचा वकील बघा, सहीच्या आधी."

नियमाला धरूनच बोलला तो. एकाच वेळी दोन्ही बाजूंचा वकील होता येत नाही. पण दारातल्या माणसाला ते कसं ऐकू गेलं, ते मी पाहिलं.

"बरं साहेब," ऑपरेटर म्हणाला. "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच."

याच्याचसाठी साहेबाचा रोष ओढवून घेतला, हे मास्तरला सांगताही येत नव्हतं. तो आत निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ऑपरेटरला थांबवलं. म्हटलं, मी त्या कंपनीची कोणी नाही, दाखवा मला. वाचणं हाच माझा धंदा आहे.

पैशांचं ठीक होतं. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, दादाच्याच लाडक्या भाषेत, एक वाक्य दडलेलं होतं. मला योग्य प्रशिक्षण मिळाले होते व अपघात माझ्या हेतुपुरस्सर चुकीमुळे झाला, हे मी मान्य करतो. पैसे देऊन माणसाच्या तोंडून खोटं वदवायचं, आणि उद्या त्याच वाक्यावर त्याला कामावरून काढायचं. पुढच्याचा हात गेला की तेच वाक्य पुन्हा वापरायचं. किळस येते हो. पानभर शुद्ध, सभ्य भाषा आणि आत ही घाण.

मी त्याला बोटानं ती ओळ दाखवली. "हे खरं आहे का?"

"नाही."

"मग ही ओळ काढा म्हणावं, तरच सही करेन. आणि उद्या एकटे जाऊ नका." कामगारांना मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंचा नंबर मी त्याला लिहून दिला.

ओळ निघाली. पैसेही मिळाले. संध्याकाळी दादाचा फोन आला. त्या अडाण्याला कोणीतरी पढवलंय म्हणाला. मी म्हटलं, कारकुनानं पढवलंय. तेव्हापासून दादा रविवारी येत नाही. मास्तर माझ्यावर चिडला, त्यानं पाळलेली रेघ मी ओलांडायला नको होती म्हणाला. रात्री मात्र भांडी त्यानंच घासली.

परवा पहिल्यांदाच त्यानं ऑफिसचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. महिन्याचा अहवाल आला होता. सगळ्या कारखान्यानं प्रशिक्षण पुन्हा घेतलं, निकाल शंभर टक्के. मास्तरनं यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. 'हातांची सुरक्षा, प्रात्यक्षिकासह पूर्ण.' ते नाव त्या ऑपरेटरचं होतं. तो अजून घरीच आहे, डाव्या हातानं लिहायला शिकतोय.

मास्तरनं लॅपटॉप मिटला, बूट घातले आणि कारखान्याकडे निघाला.