दुसऱ्याच्या गाडीचा दंड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही बरं नाही, त्याबद्दल माफी. चौथीनंतर पेन हातात फारसा आला नाही. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागायची सवय जात नाही.

आमचा छोटा निळा टेम्पो आहे. नाशिकच्या मार्केट यार्डातून भाजी घेऊन मिस्टर रोज त्र्यंबकच्या हॉटेलांना पोचवायचे. त्या एका फेरीवर घर चालायचं. टेम्पोचं पासिंग, म्हणजे गाडी धडधाकट असल्याचा आरटीओचा दाखला, संपायला चार दिवस राहिले होते आणि गाडीवर ई-चलानं बाकी होती. ती भरल्याशिवाय पासिंग होत नाही. मोबाइलवर आकडा आला होता, साडेचार हजार. मिस्टरांना गाडी सोडता येईना. त्यांनी आरसी बुकाची झेरॉक्स देऊन मला ऑनलाइन सेवा केंद्रात पाठवलं. पैसे माझे होते, लोकांच्या घरी पोळ्या लाटून पिठाच्या डब्यात साठवलेले.

दुकानात गर्दी होती. मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. तिथे आधीच कागद पडले होते. दुकानदाराने त्यातला एक उचलला, गाडीचा नंबर टाकला, खाली चासी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले. चलानांची यादी आली. एक उघडल्यावर कॅमेऱ्याने काढलेला फोटोही आला.

फोटोतली गाडी पांढरी होती.

मी ती पाहिली. खाली एकूण चार हजार लिहिलेलं पाहिलं. पाचशे कमी कसे, हा विचार आला आणि लगेच बरंही वाटलं. कदाचित काही माफ झालं असेल. उन्हात निळी गाडी पांढरी दिसत असेल. मागे माणसं ताटकळली होती.

दुकानदार म्हणाला, "बघा ताई, गाडी तुमचीच ना? एकदा भरले की माझ्या हातात काही नाही."

मी मान हलवली. त्याने स्वतःच्या खात्यातून पैसे भरले, माझ्याकडून रोख घेतले, वर वीस रुपये घेतले आणि पावती छापून दिली. मी ती घडी करून पिशवीत ठेवली. घरी कुणी उघडून पाहिली नाही.

पासिंगच्या दिवशी पेठ रोडच्या आरटीओतून मिस्टरांचा फोन आला. तिथे बाकी अजून दिसत होती. पावती घेऊन मी रिक्षाने गेले. त्यांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली.

"यावर आपली गाडी कुठंय?"

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

दंड पुन्हा भरायला त्यांनी यार्डातल्या व्यापाऱ्याकडून उसने घेतले. नवी तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर काढता येईना. हॉटेलवाल्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि दुसरा टेम्पो लावला. मिस्टर यार्डात पोती उचलायला लागले. वयाच्या पन्नाशीत.

मी पावती घेऊन परत सेवा केंद्रात गेले तेव्हा दुकानदाराने कागद धुंडाळले. आमची झेरॉक्स खाली होती. वरची दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्याची. तो पैसे घेऊन येतो म्हणून कागद ठेवून गेला होता. त्याचीच चलानं माझ्या पैशांनी भरली गेली. दुकानदाराने तक्रार टाकली, पण चलान खरं, रक्कम बरोबर, पैसे सरकारकडे जमा. उत्तर काही आलं नाही. द्राक्षवाला फोनवर म्हणाला, मी कुणाला भरायला सांगितलं नव्हतं. नंतर तो फोन उचलेना.

मग एका सकाळी मी दिंडोरीची बस धरली. रस्ताभर वाक्य जुळवत होते. त्याच्या दारात पोचले तेव्हा एकही आठवेना. समोर पांढरी पिकअप उभी होती. तो बाहेर आला. मी पावती पुढे केली आणि तशीच उभी राहिले.

त्याने नंबर पाहिला, मग गाडी पाहिली. "फोटोत गाडी दिसत होती नं बाई? मंग बोलल्या का नाय?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. घरात गेला आणि पंधराशे आणून दिले. म्हणाला, "बाकीचे माल गेल्यावर. आता माझ्याकडं नाय."

दुसऱ्या खेपेला हजार मिळाले. तिसऱ्या खेपेला तो घरी नव्हता, रिकामी परतले. तोवर टेम्पोचं पासिंग झालं होतं, पण त्र्यंबकची फेरी दुसऱ्याकडेच राहिली. मिस्टर मिळेल ते भाडं करत होते, उरलेल्या वेळी पोती. घरात माझ्याशी कामापुरतं बोलत.

चौथ्या खेपेला त्याच्या बायकोने ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि पदराखालून पंधराशे काढले. मी तिथेच मोजले. मिस्टरांनी संध्याकाळी ते पैसे आधीच्या अडीच हजारांत मिळवले आणि माझ्या पिठाच्या डब्याजवळ ठेवले. चार हजार पूर्ण होते.