आकडे जुळले तेव्हा

जुळे सोलापुरातल्या माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात एक नर्सबाई येत. मूळच्या दुधनीच्या, वीस वर्षं परदेशात नोकरी करून परतलेल्या. परतल्यावर पहिली दोन वर्षं तिकडच्या कमाईला इथं कर नव्हता. ती सवलत संपली आणि त्यांची फाइल माझ्याकडे आली. तिकडचं घर भाड्यानं दिलेलं, शिवाय ठेवींचं व्याज. दोन्हींवर तिथं भरलेला कर इथल्या करातून वजा करून घ्यायचा होता.

नियम मला तोंडपाठ. तिकडे भरलेला कर आणि त्याच उत्पन्नावर इथं बसणारा कर, यांत जी रक्कम लहान तेवढीच वजावट. आणि हे प्रत्येक उत्पन्नाचं वेगळं पाहायचं. भाड्याचे चार लाख, तिकडे कर एक लाख. व्याजाचे चार लाख, तिकडे कर वीस हजार. इथला कर सरासरी पंधरा टक्के, म्हणजे प्रत्येकी साठ हजार. भाड्यावर साठ आणि व्याजावर वीस, मिळून ऐंशी हजारच मिळणार होते.

पण मुदत संपत आलेली, टेबलावर फायलींचा ढीग. मी दोन्ही उत्पन्नं एकत्र धरली. आठ लाखांवर तिकडे एक लाख वीस हजार, इथंही नेमके तेवढेच. आकडे असे जुळले की मी स्वतःवरच खूश झालो. ऐंशीच्या जागी एक लाख वीस हजार मागून मोकळा झालो.

पुढच्या वर्षी नोटीस आली. दोन्ही उत्पन्नांची मोजणी वेगवेगळी दाखवा म्हणून. ती वाचताच माझी चूक माझ्या ध्यानात आली. चाळीस हजार परत भरायचे, वर व्याज. बाईंना बोलावलं. त्या पिशवीतून सगळे कागद काढत म्हणाल्या, "सर, माझाच एखादा कागद द्यायचा राहिला असंल की. मला त्यातलं काय कळतंय?"

मी म्हणालो, "राहतं कधी कधी."

तीनच शब्द. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मीच दिली, आणि वर पंखा वाढवून त्यांना पाणी विचारलं. त्यांनी व्याजासकट पैसे भरले. मला लाज वाटली, आजही वाटते. पण चूक कबूल केली तर गिऱ्हाईक जाईल, या भीतीपुढं लाजेचं काही चाललं नाही.

परवा बाई आपल्या एका मैत्रिणीला घेऊन आल्या, तीही परदेशातून परतलेली. तिला खुर्चीवर बसवलं आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "सर लई चांगले हायेत. तू फक्त कागद समदे दे बाई. मी दिले न्हाईत, सरांना उगं त्रास झाला."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. मी तिची फाइल पुढं ओढली.