घाटातल्या देवीचा नारळ

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते आमच्या वाडीतल्या ड्रायव्हरकाकांचं. रत्नागिरीत कॉलेजला होतो तेव्हा सुट्टीनंतर त्यांच्याच ट्रकच्या केबिनमधून मी परत जायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पुढे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चिकटलो, तेही त्यांच्याच शब्दावर.

माझं काम गाडी रवाना करण्याचं. काजूगराचे खोके चढले की दाराच्या कडीत सील ठोकायचं, त्याचा नंबर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर लिहायचा, फोटो काढायचा. ड्रायव्हरने ठरलेल्या रस्त्यानेच जायचं आणि ठरलेल्या ढाब्यावरच, गाडीची पाठ भिंतीला लावून थांबायचं.

काकांच्या त्या खेपेला मुंबईच्या गोदामात सील शाबूत होतं, नंबरही जुळला, पण खोके कमी भरले. गाडी परत आल्यावर मी दार पाहिलं. कडीचे बोल्ट नवे होते, वरून ताजा रंग फासलेला. चोरांनी सीलला हातही न लावता आख्खी कडीच उतरवून पुन्हा बसवली होती.

जीपीएसवर गाडी ठरलेल्या बोगद्यातून न जाता जुन्या घाटात शिरलेली, तिथे थांबलेली दिसत होती.

"काका, घाटात कशाला गेलात?"

"देवीला नारळ द्यायला. तू नाही का फोडलास? परीक्षेच्या आधी मोठा बघून घ्या म्हणायचास!"

"तेव्हा बोगदा नव्हता, काका."

"बोगदा झाला म्हणून देवी उठून गेली काय रे?"

देऊळ पायऱ्या उतरून खाली आहे. तिथून गाडी दिसत नाही. काका दर खेपेला तिथे उतरतात, हे त्या रस्त्यावरच्या कुणालाही ठाऊक असणार.

मी मालकांना बोल्ट दाखवले, काकांची हमी दिली. ते म्हणाले, "तो चोर नाही, मला कळतं. पण त्याला सोडला तर उद्या प्रत्येकाचा देव वेगळ्या घाटात निघेल. लांबची गाडी बंद. गावातल्या फेऱ्या मारू दे."

नियम बरोबर होता. मालकांचा निरोप मीच सांगितला. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. "मी गावातच गाडी फिरवली तर लोक काय समजतील? चोरी केली म्हणून लांबचं काम काढलं, असंच ना?" त्यानंतर ते आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. शेवटी पत्र लिहिलं.

"ती. काकांना सा. न.

कड्यांचे बोल्ट आता वेल्डिंग करून घेतलेत. माल पोचला की सीलबरोबर कडीही तपासतात. जुना घाट सगळ्यांनाच बंद आहे. देवीचा नारळ गाडी निघण्याआधी यार्डातच फोडतो, घाटाकडे तोंड करून. तुम्ही चोरी केली नाही, हे मी प्रत्येक ड्रायव्हरला कडी दाखवून सांगितलंय. हे तुमच्यादेखत, त्याच दिवशी सांगायला हवं होतं. कामावर या असं म्हणत नाही. एकदा यार्डात या, नारळ तुमच्या हातून फुटू दे. मोठा बघून ठेवतो."