सफाईची सवलत

हिंदी मुलखातल्या रिछाईच्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळायची. माझ्यासोबत एक भैया होते, जवळच्याच अधारताल वस्तीतले, पण आमच्या घरासारखेच मूळचे विदर्भाकडचे. माझ्याहून जुने. त्यांना एक खोड होती. महिन्याचा हिशेब बंद झाला की ते सगळ्या सर्व्हरचे लॉग पुसायचे. कोण आत आलं, कोणी काय बदललं, याची जी नोंद मशीन स्वतः ठेवते, ती सगळी साफ. "धूळ बसते दीदी, मशीन हलकी राहते," म्हणायचे. कितीदा सांगितलं, भैया, यानं मशीन हलकीबिलकी होत नाही. ऐकतील तर शपथ.

मी एक व्यवस्था केली होती. प्रत्येक सर्व्हरच्या नोंदींची नक्कल लगेच कोपऱ्यातल्या एका वेगळ्या मशीनवर जायची. सिक्युरिटी लॉग कोणी पुसला की तो रिकामा होतो खरा, पण विंडोज त्यात पहिली ओळ लिहितंच: लॉग पुसला, आणि कोणत्या खात्यानं पुसला. ती ओळ आली की मला आणि मॅनेजरला मेल. चोर आत शिरला की आधी आपल्या पावलांचे ठसे मिटवतो, म्हणून ही राखण.

पण दर महिन्याला भैयांच्या सफाईचा मेल यायचा आणि मॅनेजर वैतागायचे. शेवटी बोलावून म्हणाले, "इनके नाम का अलर्ट बंद करो, रोज़ का रोना है." मी म्हटलं, सर, मेल नको, सफाई बंद करा. "जितना कहा है उतना करो." केलं. भैयांच्या खात्यानं लॉग पुसला तर मेल जाणार नाही, अशी सवलत त्या नियमात मी माझ्या हातानं घातली. मेलवर लेखी हुकूम मागून घेतला, तो त्या कोपऱ्यातल्या मशीनवरच जपून ठेवला. मला वाटलं, लई शहाणी मी.

एका सकाळी भैया माझ्यासमोर बसून पोहे खात होते आणि मेल आला. लॉग पुसल्याचा नाही, ऑडिट पॉलिसी बदलल्याचा; त्यावरही मी मेल लावला होता आणि त्यात सवलत नव्हती. म्हणजे कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची हे ठरवणारी सेटिंगच कोणीतरी फिरवली होती. लॉगिनची नोंद बंद केली होती. खातं भैयांचं.

"भैया, ऑडिट पॉलिसी तुम्ही बदलली?"

"मी काहून बदलू? मी तर पोहे खाऊन राहिलो."

सर्व्हर उघडला. सिक्युरिटी लॉग जवळजवळ रिकामा, पहिल्या ओळीत भैयांचं खातं. त्याचा मेल आलाच नव्हता, कारण सवलत. भैयांनी प्लेट ठेवली आणि आत शिरलेल्याची वाट तुटावी म्हणून धावत जाऊन सर्व्हरची नेटवर्कची वायर काढली. हिशेबाच्या फायली वाचल्या त्या त्यांच्यामुळे.

मग मी नकलेच्या मशीनवर पाहिलं. सेटिंग फिरवायच्या जरा आधीचं लॉगिन तिथे येऊन पडलं होतं: भैयांच्या खात्यानं, पण माल ठेवायच्या स्टोअरमधल्या कॉम्प्युटरवरून, रिमोटनं, म्हणजे दुरूनच. त्या कॉम्प्युटरवर कोणीतरी बाहेरून ठाण मांडून बसलं होतं आणि भैयांचा पासवर्ड त्याच्या हाती लागला होता. सगळं उघड होतं. मी रिपोर्ट लिहिला, सवलत कोणी मागितली तेही लिहिलं.

मॅनेजरच्या हातून वरच्या ऑफिसात रिपोर्ट गेला तेव्हा त्यातून सवलतीचं पान गायब होतं. लॉगिनचं पानही गायब. मॅनेजर म्हणाले, "लॉग में नाम तो इन्हीं का है. और लॉग मिटाने की आदत भी इन्हीं की." मी ओरडून सांगितलं की माणूस माझ्यासमोर बसला होता. "दीदी, आप भी मराठी, वो भी मराठी," म्हणाले आणि हसले. त्या हसण्याची चीड आजही गेलेली नाही.

भैयांना काढून टाकलं. जाताना त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "दीदी, ती नक्कल कोणाला पुसू देऊ नका. मी लेबर ऑफिसात जाणार आहे. माझं खरं तेवढ्यातच आहे." जन्मभर लॉग पुसणारा माणूस हे बोलत होता. मी हो म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी मदन महल स्टेशनवर आईला घ्यायला गेले होते, अर्ध्या दिवसाच्या रजेवर. परत आले तर कोपरा रिकामा. नवीन मशीन येणार म्हणून मॅनेजरनी जुनी फॉरमॅट करून भंगारात दिली होती. "सफाई कर दी," म्हणाले.

सर्व्हरवर कोणी लॉग पुसला तर कळावं म्हणून मी सगळं केलं होतं. ही मशीन पुसली, तेव्हा मला कसलाच मेल आला नाही. संध्याकाळी भैयांचा फोन वाजत राहिला आणि मी तो उचलला नाही.