झोपेत दात खाणारी सून

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी सकाळी त्या हिरवा चष्मा लावून, पिशवीत लुगडी भरत बसलेल्या मला दिसल्या. ड्रॉप टाकायला मी बाटली घेऊन गेले होते.

"काय झालं आई?"

"खाप्याले, आपल्या गावाले जातो म्हणतो."

"अहो, अजून चार दिवसच झाले. डॉक्टरांनी परवा बोलावलंय."

त्यांनी पदराची घडी केली, परत मोडली, परत केली. माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी आमचे हे दाढी करता करता बाहेर आले, तेव्हा त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुही बायको माह्यावर रातभर दात खाऊन राहिली. अशा घरात मी कशाले राहू?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत मी सासूबाईंना उलट उत्तर दिल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी शाळेत गणित शिकवते. मुलं पाढे चुकतात, तरी माझा आवाज चढत नाही. "बाई किती शांत," असं पालकही म्हणतात. आणि माझ्यावर हा आरोप.

ऑपरेशननंतर झोपेत डोळा चोळला जाऊ नये म्हणून रात्री त्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवायची असते, आणि उठताना कोणी तरी सोबत लागतं. म्हणून मी त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपत होते. हे पलीकडच्या खोलीत, आणि यांना एरवीही शेजारी ढोल वाजला तरी जाग येत नाही. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोच फिर्यादी.

"आई, तुम्हाला स्वप्न पडलं असेल."

"मी जागी होतो. कर्रर्र, कर्रर्र. जात्यात खडा सापडावा तसं. मी तुले काही बोलली का वं? मंग काहून दात खातं?"

"तुमच्या डोळ्याला त्रास आहे, झोप लागत नसेल..."

"आपरेशन डोळ्याचं झालं, कानाचं नाही."

यांनी तोंडावरचा फेस पुसला आणि तोडगा काढला. म्हणाले, आज रात्री मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवू, सकाळी काय ते समजेल. मी लगेच हो म्हटलं. निर्दोष माणूस पुराव्याला घाबरत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते रेकॉर्डिंग तिघांनी ऐकलं. पहिला अर्धा तास काही नाही. मग हळूहळू घोरणं सुरू झालं, आणि ते वाढत वाढत असं झालं की यांनी आवाज कमी केला.

"हे काय वं?" सासूबाई म्हणाल्या.

"हे तुम्ही, आई."

"मी घोरत नाही. पंखा असन तो."

हिवाळा होता, पंखा बंद होता. पण ते सांगायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात त्या घोरण्याच्या मधून दुसरा आवाज आला. पाट्यावर वरवंटा ओढल्यासारखा. थांबला, परत आला. कोणी तरी कोरडे हरभरे चावतंय, असा. तो आवाज माझ्या तोंडातून येत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला. विजयाचा घोट कसा असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आता मला मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या गोष्टी एकेक आठवायला लागल्या. सकाळी उठलं की जबडा असा आंबलेला असायचा, जसं रात्रभर कोणाशी भांडून आले. पहिली पोळी चावताना कानापुढे दुखायचं. कानशिलं ठणकायची, दहा वाजेपर्यंत आपोआप कमी व्हायची. मी आधी रविवारच्या सावजी मटणावर संशय घेतला आणि मटण बंद केलं. दुखणं बंद झालं नाही. मग कान असेल म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, कान स्वच्छ आहे, एकदा दातांच्या डॉक्टरला दाखवा. दात तर दुखत नाहीत, मग दातवाल्याकडे कशाला, असं म्हणून मी ते टाळलं होतं.

सासूबाईंनी मात्र निदान आधीच केलं होतं. "पोटात जंत झाले. माह्या भावाचा पोरगा असाच दात खाये. वावडिंग दे म्हटलं, बंद झालं."

त्यांनी पिशवी रिकामी केली, खाप्याचं जाणं रद्द केलं आणि मला दोन दिवस वावडिंगाचा काढा पाजला. सून रागानं नाही, जंतांमुळे दात खाते, हे त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं होतं. म्हणून मीही तो काढा गप प्यायले. तिसऱ्या सकाळी जबडा होता तसाच होता. मी प्रताप नगरात दातांच्या दवाखान्यात नंबर लावला. सासूबाई म्हणाल्या, मीपण येतो, ऐकलं मी हाय.

डॉक्टर तिशीची मुलगी होती. मी काही सांगायच्या आत सासूबाईंनी हिरव्या चष्म्यातून पूर्ण जबानी दिली. डॉक्टरनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही नसत्या तर यांना कळायला अजून वर्ष लागलं असतं. बहुतेकांना बाजूला झोपणाराच सांगतो."

झालं. त्या वाक्याच्या जोरावर सासूबाई पुढचे चार महिने मिरवल्या.

मग डॉक्टरनं मला दात घट्ट आवळायला सांगितले आणि गालावर, कानापुढे बोटं दाबली. मी कळवळले. "हा चावण्याचा स्नायू. रात्रभर व्यायाम करतोय, म्हणून सकाळी दुखतो." मग हातात आरसा दिला. माझे सुळे कधी काळी टोकदार होते. आता ते कानशीनं घासल्यासारखे सपाट. समोरच्या एका दाताचा कोपरा उडालेला. मला तो वयाचा परिणाम वाटायचा. गालाच्या आतून दातांच्या रेषेत एक पांढरी ओळ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे.

"जंत?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आजी, जंतांचा संबंध नाही."

"मंग राग?"

डॉक्टर हसली. "रागच पाहिजे असं काही नाही. झोप मधे मधे हलकी होते, तेव्हा हा स्नायू आपोआप चालू होतो. डोक्यावर ताण असला, संध्याकाळी चहा-कॉफी जास्त झाली, तर वाढतं. काही औषधांनीही होतं." मग मला विचारलं, कुठलं औषध चालू आहे का, घोरता का, दिवसा झोप येते का, सध्या कामाचा ताण आहे का.

औषध नव्हतं. घोरण्याचा विषय निघाल्यावर सासूबाई भिंतीवरचा दातांचा तक्ता पाहू लागल्या. ताणाचं मी नाही म्हणणार होते, पण तोंडातून वेगळंच निघालं. मला या वर्षी शाळेत पर्यवेक्षिका केलं होतं. रोज सकाळी सात वाजता दोन-तीन शिक्षकांचे फोन येतात, आज येत नाही म्हणून, आणि त्यांचे तास कोणाला तरी द्यायचे असतात. ज्याला देते तो तोंड वाकडं करतो. मी हसून देते. रात्री नऊनंतर दोन कप चहा घेत दुसऱ्या दिवसाची जुळवाजुळव करते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की खुर्चीत बसल्या बसल्याही माझे दात एकमेकांवर आवळलेलेच होते.

डॉक्टरनंही ते पाहिलं. म्हणाली, "दिवसभरात दात दातांना लागायची गरज जेवताना आणि गिळतानाच असते. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला टेकलेली. हे दिवसातून दहादा आठवायचं. संध्याकाळनंतर चहा बंद. चिवट, कडक काही महिनाभर नको. गालाला दहा मिनिटं कोमट शेक." आणि रात्रीसाठी वरच्या दातांवर बसणारं एक पारदर्शक कव्हर करून देईन म्हणाली. त्यानं दात खाणं थांबेलच असं नाही, पण घासायचं ते कव्हर घासलं जाईल, दात नाही.

तोंडात गुलाबी लगदा भरून माप घेतलं, आणि आठवड्यानं कव्हर आलं. पहिल्या रात्री मी ते घालून यांना "शुभरात्री" म्हटलं, तर बाहेर पडलं "शूबाथी". यांना त्यातलं "बाती" तेवढं ऐकू आलं आणि ते उठून देवाजवळची वात पाहायला गेले.

दिवसाचा भाग सासूबाईंनी हातात घेतला. मी भाजी चिरत असले, टीव्ही पाहत असले, की मागून आवाज यायचा, "दात सोड वं." एकदा शेजारीण बसायला आली होती. ती सोसायटीच्या पाण्याबद्दल काही तरी लागेल असं बोलली. मी हसत ऐकत होते. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "दात सोड." शेजारणीला वाटलं तिलाच म्हटलं. ती आठ दिवस आली नाही.

जबडा पंधरा दिवसांत हलका झाला. आणि मग एका सकाळी मी आंघोळीहून आले, तर सासूबाई गॅसजवळ उभ्या. पातेल्यात पाणी उकळत होतं आणि त्यात माझं कव्हर खाली-वर होत होतं.

"जंतू मरते ना," त्या म्हणाल्या. "बाळाची बाटली आपण उकळतच होतो."

डॉक्टरनं बजावलं होतं, थंड पाण्यानं धुवायचं, गरम पाणी लावायचं नाही. पण ते मला सांगितलं होतं, त्यांना मी सांगितलं नव्हतं. चमच्यानं बाहेर काढलं, तर ते वाळलेल्या आमसुलासारखं आखडलेलं. कोणाच्याच तोंडात बसलं नसतं.

सासूबाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "आता खरंच दात खा माह्यावर. मी काही म्हणणार नाही."

मला हसू आलं, आणि ते आवरेना. जबडा पूर्ण उघडून, दुखेपर्यंत हसले. त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. परत माप दिलं, परत गुलाबी लगदा, परत आठवडा.

चार महिन्यांनी तपासणीला गेले. डॉक्टरनं नवं कव्हर उजेडात धरून दाखवलं. त्यावर बारीक ओरखडे होते. म्हणजे मी अजून दात खात होते, पण आधीपेक्षा कमी, आणि दात जिथल्या तिथे होते. उडालेला कोपरा तिनं भरून दिला. घोरणाऱ्यांचीही झोप एकदा तपासावी, असं तिनं जाता जाता सुचवलं. मी ते सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांना नेमकं तेच ऐकू आलं नाही.

सासूबाई तोवर खाप्याला परतल्या होत्या आणि गावभर जबड्याच्या जाणकार झाल्या होत्या. एका सोमवारी त्या गल्लीतल्या एका बाईला घेऊन थेट प्रताप नगरात हजर, आणि शाळेतून मलाही बोलावून घेतलं. "हिचा जबडा दुखते. ही रातभर दात खाते. मी कव्हरचं सांगून ठेवलं."

डॉक्टरनं त्या बाईचं तोंड उघडून पाहिलं. मागची अक्कलदाढ हिरडीत अडकून सुजली होती. दात खाण्याचा काही संबंध नव्हता. दाढ काढली. परत येताना ती बाई गालाला रुमाल लावून गाडीत मागे बसली होती. सासूबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण दुखणं तं जबड्यातच निघालं ना वं?"

मी होय म्हटलं.