मधला रकाना

"आम्ही पुण्याच्या माणसाला खोली देत नाही? कोणी सांगितलं? काय लिहून राहिले हो तुमचे लोक?"

कोथरूडमधल्या आमच्या भाषांतर-कचेरीत हा आवाज घुमला तेव्हा माझ्या कपातल्या चहाला लाटा आल्या. खालच्या मजल्यावर गणिताची शिकवणी चालते, तिथली मुलं पाढे विसरली असं नंतर मला कोणी सांगितलं नाही, पण विसरली असणारच. ओरडणारे गृहस्थ एका मोठ्या हॉटेलचे मॅनेजर होते. मूळचे नागपूरचे, अंगापिंडाने भक्कम, आणि बोलताना समोरच्या टेबलाला पखवाज समजणारे. त्यांच्या हातात चार पानं होती. त्यातल्या तिसऱ्या पानावर एका वाक्याभोवती लाल गोल होता, आणि तो गोल इतका जोरात काढला होता की कागद फाटला होता.

ते वाक्य इंग्रजीत होतं. "पुण्याचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर खोली दिली जात नाही", असा त्याचा अर्थ. ते ऐकलं आणि मी कप खाली ठेवला. कारण ते वाक्य माझं होतं.

आता हे काम काय असतं ते सांगतो, म्हणजे माझा अपराध नीट मोजता येईल. हॉटेलचे नियम मूळ इंग्रजीत. खोली किती वाजता सोडायची, बाहेरचं जेवण आणायचं की नाही, पोहण्याच्या तलावात किती वाजेपर्यंत डुंबायचं, असे चाळीस. ते मराठीत करायचे होते. करणार एक जण. पण हॉटेलचं मुख्यालय दूर दुसऱ्या राज्यात, आणि तिथे मराठी वाचणारं कोणी नाही. मग मराठी बरोबर झालंय हे त्यांना कळणार कसं? त्यासाठी दुसरा एक जण ते मराठी पुन्हा इंग्रजीत आणतो. त्याला मूळ इंग्रजी दाखवायचं नाही, पहिला भाषांतरकार कोण तेही सांगायचं नाही. मग मूळ इंग्रजी, मराठी आणि परत आलेलं इंग्रजी असे तीन रकाने शेजारी मांडतात आणि पहिला नि तिसरा जुळतो का ते बघतात. जुळला नाही तर गडबड कुठे झाली ते मधल्या रकान्यात जाऊन शोधायचं.

तो दुसरा माणूस म्हणजे मी. मला या कामासाठी निवडणं म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्यावर राखण बसवण्यासारखं होतं. मी बाजारातून कोथिंबीर आणली तरी घरी सांगेपर्यंत त्या कोथिंबिरीच्या जुडीची लढाई झालेली असते. पण कागदावर मात्र मी सज्जन. समोर जे असेल तेच लिहायचं, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मीच पसरवली होती, हा भाग वेगळा.

"बसा," आमच्या बाई म्हणाल्या. बाई म्हणजे कचेरीच्या मालकीण. त्यांचा आवाज पिठाच्या डब्यासारखा, झाकण नेहमी घट्ट. "चहा घेणार का आपण?"

"चहा नको, तो भाषांतरवाला काढून टाका! मुख्यालयातून फोन आला मला. म्हणतात, तुमच्या पुण्यात कोणी काहीही लिहून राहिलं आणि तुम्ही छापायला निघाले. आजच्या आज माणूस बदला. पुढची सगळी पुस्तिका दुसऱ्याला द्या."

"भाषांतरवाला नाही, भाषांतरवाली आहे," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही जे वाचताय ते तिने लिहिलेलं नाही. ते उलट भाषांतर आहे. तुमच्या मुख्यालयाने घाई केली म्हणून आमची तपासणी व्हायच्या आधी तसंच पाठवावं लागलं. मधला रकाना वाचलात का?"

"मुख्यालयाला मराठी येत नाही हो!"

"तुम्हाला येतं ना?"

मॅनेजर पहिल्यांदा खुर्चीत बसले. बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही जरा आतल्या खोलीत बसा. मराठी करणाऱ्या त्या ताई येतायत. आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या भाषांतरकारांनी एकमेकांना भेटायचं नसतं."

आतली खोली म्हणजे चहाचा ओटा, एक पाण्याची टाकी आणि मधे पातळ प्लायवूड. त्या प्लायवूडमधून शेजारच्या इमारतीतला मिक्सरसुद्धा ऐकू येतं. मी टाकीवर बसलो आणि कान त्या भिंतीला शिवून घेतला.

आणि तिथे बसल्या बसल्या मला आठवलं.

मागच्या वर्षी आमच्या न्हाणीघराच्या फरशा बदलायला काढल्या. गवंडी इतकं खोल खणत गेला की मला वाटलं, आता हा कसबा पेठेतल्या मेट्रो स्टेशनात निघणार. तीन दिवस घरात आंघोळ नाही. मी बायकोला म्हटलं, चल, आयुष्यात एकदा हॉटेलात राहू. याच हॉटेलात गेलो. काउंटरवरच्या मुलीने माझं आधार कार्ड हातात घेतलं, पत्ता वाचला आणि जंतुनाशक लावलेल्या आवाजात म्हणाली, "सर, लोकल आयडी चालत नाही." मी तिला न्हाणीघर सांगितलं, गवंडी सांगितला, लग्नाची सव्वीस वर्षं सांगितली. काही उपयोग झाला नाही. रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "छान. स्वतःच्याच गावात बेघर." मग तीन दिवस मेहुण्याच्या घरी, एका बादलीत दोघं.

वर्षभराने त्या हॉटेलची नियमावली माझ्याकडे आली. पहिल्या ओळीतच हॉटेलचं नाव होतं. तेव्हाच बाईंना कळवायला हवं होतं की या लोकांशी माझं जुनं भांडण आहे, दुसऱ्याला द्या. मी कळवलं नाही. उलट मिशीत हसलो. एकतिसाव्या नियमावर आलो तेव्हा बहुतेक डोळे कागदावर होते आणि हात त्या काउंटरवर.

बाहेर चपलांचा आवाज आला. खडकीहून बस बदलून त्या भाषांतरकार ताई आल्या होत्या. मला त्यांचा फक्त आवाज ऐकू येत होता. सरळ, कोरडा, वर्षानुवर्षं सूचनाफलक लिहिलेल्या माणसाचा. त्या खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं. दारूगोळ्याच्या शेजारी लावायच्या पाट्या त्यांनी मराठीत केलेल्या. तिथे एक शब्द जास्त पडला तर काय होतं, ते त्यांना माहीत होतं.

"वाचू?" त्या म्हणाल्या. "एकतीस. 'पुण्याचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर खोली द्यावी की नाही, याचा निर्णय व्यवस्थापन घेईल.' मूळ इंग्रजीतही निर्णयाचा अधिकार राखून ठेवलाय. मी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. आणि हे बघा, तेव्हाच मी शंका पाठवली होती. निर्णय कशावरून घेणार, ते पाहुणा विचारेल, मूळ मजकुरात नाही, कळवावे. उत्तर आलं नाही."

मॅनेजर मराठी ओळ ओठ हलवत वाचत असावेत.

"मराठी बरोबर आहे बाप्पा," ते हळूच म्हणाले.

"मग?"

"मग काय, मॅडम. मुख्यालयाला मराठी दिसतच नाही. त्यांना तिसरा रकाना दिसतो. मी तोंडी सांगितलं तर म्हणतील, पुण्याचे लोक एकमेकांना सांभाळून राहिले. चूक उलट्या बाजूची आहे असं त्या बाजूच्या माणसाने लिहून दिलं पाहिजे. नाहीतर या ताईंचं नाव यादीतून गेलं समजा. पुढची सहा हॉटेलं आहेत. त्यांचं काम पण गेलं."

खुर्ची सरकली. खडकीच्या ताई म्हणाल्या, "मी भांडायला आले नाही. माझं काम बरोबर आहे एवढं सांगायला आले. निघते."

आता मला सांगा, त्या क्षणी टाकीवर बसून राहणं शक्य होतं की नव्हतं? खरं सांगायचं तर शक्य होतं. मी पूर्ण एक मिनिट बसूनही राहिलो. त्या मिनिटात मी तीन सबबी तयार केल्या. एकीत चष्मा होता, दुसरीत संगणक, तिसरीत गवंडी. तिन्ही उत्तम होत्या. पण बाहेर ताईंच्या पिशवीची चेन लागल्याचा आवाज झाला आणि मी उठलो.

"चूक माझी आहे," मी दारातून म्हणालो. इतकं छोटं वाक्य मी त्याआधी शाळेत हजेरी देताना बोललो होतो. "मराठीत 'निर्णय घेईल' आहे. मी 'देत नाही' लिहिलं. मला या हॉटेलाने एकदा परत पाठवलं होतं, ते माझ्या हातात बसलं होतं."

बाईंनी डोळे मिटले. नियम मोडला होता, आणि तोही दार उघडून. मॅनेजर मात्र माझ्याकडे टक लावून बघत होते.

"आमच्याकडे? कधी?"

मी सांगितलं. या वेळी गवंड्याला मेट्रोपर्यंत नेलं नाही.

मॅनेजरनी कपाळ चोळलं. "म्हणजे काउंटरवर सरळ नाहीच म्हणून राहिले. निर्णय वगैरे कोणी घेतच नाही." ते ताईंकडे वळले. "मग आता काय लिहायचं हो आम्ही?"

"ते तुमच्या मुख्यालयाला विचारा," ताई म्हणाल्या. "माझी शंका अजून तिथेच आहे."

चहा शेवटी सगळ्यांनी घेतला. मी लेखी खुलासा लिहायला बसलो. पहिला मसुदा पावणेदोन पानांचा झाला, त्यात माझं बालपणही येऊन गेलं. बाईंनी तो शांतपणे वाचला, बाजूला ठेवला आणि तीन ओळी सांगितल्या. तफावत नियम एकतीसमध्ये. मराठी मूळ मजकुराशी जुळते, चूक उलट भाषांतरात. सुधारित उलट भाषांतर सोबत जोडले आहे. खाली मी सही केली. मॅनेजरनी तिथूनच तो कागद मुख्यालयाला पाठवला, आणि सोबत ताईंची जुनी शंकाही. अर्ध्या तासाने उत्तर आलं. भाषांतरकार तीच ठेवा, नियम एकतीस छापू नका, आम्ही पुन्हा लिहून पाठवतो.

मॅनेजर जाताना माझ्याशी हात मिळवून गेले. हात अजून दुखतो.

मी ताईंना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत म्हटलं, ताई, तुमच्यासाठी आज मी अब्रू पणाला लावली, सव्वीस वर्षांत बायकोसमोरसुद्धा जे कबूल केलं नाही ते चारचौघांत केलं, आता या निमित्ताने आपली ओळख झाली हे काय कमी आहे?

त्या बसची पाटी वाचत होत्या. ती त्यांची नव्हती, म्हणून माझ्याकडे बघितलं.

"ओळख झाली, म्हणजे यापुढे माझं काम तुमच्याकडे तपासायला येणार नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं."