भावजींची अर्धी रजा

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी पाणी कमी दाबाने आले. न्हाणीघरातला नळ अजून गळतो आहे, खाली बादली ठेवली. दुपारी धाकटीची गाडी चालवण्याची परीक्षा, खेप तिसरी. भावजी अर्धी रजा काढणार म्हणाले आहेत. बघू.

रोजनिशीत मी 'बघू' असे सहसा लिहीत नाही. झाले ते लिहायचे, न झालेले लिहायचे नाही, अशी शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय आहे. पण आमच्या भावजींनी अर्धी रजा काढणे ही गोष्ट 'होणार' म्हणून लिहायला माझा हात धजेना.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, धाकटीचे, म्हणजे माझ्या जावेचे, यजमान. एका कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसतात, म्हणजे सगळ्यांच्या रजांचा हिशेब यांच्या हाती. त्याच कचेरीत मी टायपिस्ट म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे मला तिथले कायदे ठाऊक आहेत. लवकर निघायचे असेल तर दोन वाटा. एक परमिशन: महिन्यातून दोनदा, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त दोन तास, रजा खर्च होत नाही. दुसरी अर्धी किरकोळ रजा: सकाळचे काम पुरे करायचे, दीडला जेवणाच्या सुट्टीत निघायचे, की दिवस तुमचा. परमिशनचे दोन तास ओलांडले की तिची आपोआप अर्धी रजा होते. एकाच दिवशी दोन्ही जोडता येत नाहीत.

कोणाला काय घ्यावे कळेना की तो भावजींकडे येणार. आणि भावजींचा सल्ला जन्मभर एकच.

"काम काय आहे?"

"दात काढायचाय, काका."

"एकच ना? मग परमिशन घे. दाताला अर्धी रजा कशाला? बत्तीस आहेत, पुढचा विचार कर."

कचेरीत त्यांना 'परमिशनकाका' म्हणतात, आणि ते त्यांना बिरुद वाटते. जगातले कुठलेही काम दोन तासांत होते, होत नसेल तर ते नीट आखलेले नसते, असे त्यांचे मत. मुलीचा शाळेतला सत्कार परमिशनमध्ये. घराचे खरेदीखत परमिशनमध्ये. स्वतःच्या लग्नाची बोलणीही परमिशनमध्ये उरकली असे धाकटी सांगते. "मला बघायला आले तेव्हा चहा गरम होता तो बशीत ओतून प्यायले. मला वाटलं, काय उतावीळ आहे माणूस! नंतर कळलं, साडेतीनला कचेरीत पोचायचं होतं."

बरे, साठवलेल्या रजा पुढे कामी येतात म्हणावे, तर तसेही नाही. किरकोळ रजा वर्ष संपले की संपते. दर डिसेंबरच्या शेवटी भावजींच्या निम्म्याहून जास्त रजा कापरासारख्या उडून जातात आणि एक जानेवारीला हे पुन्हा नव्याने साठवायला बसतात. धाकटी म्हणते, "यांच्या रजा म्हणजे कपाटातली चांगली कपबशी. पाहुणे येईपर्यंत कान तुटतो."

याचे मूळ मला माहीत आहे. भावजींची नोकरी नवी होती त्या वर्षी आमचे हे आजारी पडले. भावजींनी सगळ्या रजा दवाखान्याच्या बाकावर संपवल्या. शेवटच्या दुपारी हातात फक्त दोन तासांची परमिशन उरली होती. ते आले, भावाशी बोलले, वेळेवर परत गेले, आणि ते जाग्यावर बसत होते तेव्हा इकडे सगळे संपले. ते कधी यावर बोलत नाहीत. मीही नाही. पण माणूस रजा का जपतो ते मला कोणी समजावून सांगायला नको.

तर धाकटीची परीक्षा. मुलगी परगावी गेल्यावर धाकटीने पन्नाशीत गाडी शिकायला घेतली. शिकवणाऱ्या मास्तरांच्या मते हात उत्तम. अडचण चढावाची. परीक्षेच्या मैदानात एक मातीचा चढ आहे. त्यावर मध्येच गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा पुढे न्यायची. पहिल्या खेपेला भावजी दिवसाच्या शेवटची परमिशन घेऊन आले, तोवर ही घसरून मोकळी झाली होती. दुसऱ्या खेपेला मधली परमिशन घेऊन वेळेत आले, पण रांग लांबली, यांचे दोन तास भरत आले. धाकटी चढावर थांबली असताना तिला आरशात हे फाटकाकडे पळताना दिसले. पाय उचलला गेला, गाडी मागे.

त्या रात्री तिने निकाल दिला. "अहो, या वेळी अर्धी रजा. नाहीतर येऊ नका. आणि ही खेप गेली तर मी स्टिअरिंगला पुन्हा हात लावायची नाही. मास्तरांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"काढतो म्हटलं ना."

"अर्ज दाखवा."

मंगळवारी सकाळी भावजींनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढून दाखवला. मोत्यासारखे अक्षर. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा, दुपारचे सत्र, कारण घरगुती. धाकटीचा चेहरा फुलला. मी चष्म्यातून पाहिले. मंजुरीची सही नव्हती. म्हणजे अर्ज लिहिला होता, दिलेला नव्हता. अर्थात सकाळचे नऊच वाजले होते, गेल्यावर देतीलही. संशयाचा फायदा दिला.

दुपारी मी आणि धाकटी मैदानावर पोचलो तेव्हा दोनच्या ठोक्याला भावजी हजर. हसतमुख. बाकावर माझ्याशेजारी बसले. धाकटीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"सकाळी दिला तो. पोळी-भाजीचा."

"ऑफिसात आहे. टेबलावर."

"अर्धी रजा घेतलेला माणूस डबा घेऊन निघतो," धाकटी म्हणाली. "परत जायचं असेल तोच टेबलावर ठेवतो. किती वाजता हजर व्हायचंय?"

भावजींनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या गाड्या मोजू लागले.

"चार," ते पुटपुटले. "अगं, पण मी नीट आखलंय. जेवणाची सुट्टी आणि तिला जोडून दोन ते चार परमिशन. तुझा नंबर तिसरा आहे. तीनपर्यंत तू पास. अर्ज खिशात आहेच, लागला तर देऊ. न लागला तर अर्धी रजा वाचली!"

"वाचवा," म्हणून धाकटी मास्तरांच्या गाडीकडे निघून गेली. तिचे ओठ घट्ट मिटलेले. रागावलेली धाकटी मला चालते, गप्प झालेली नाही.

"भावजी," मी म्हटले, "शंभर जणांच्या रजा सांभाळता, बायकोची एक परीक्षा सांभाळता येईना?"

"वहिनी, तुम्ही तरी. फेब्रुवारी आहे हो. अख्खं वर्ष पुढे पडलंय. कधी काय लागेल..."

त्यांचे गणित चुकले नव्हते, परीक्षक साहेबांचे चुकले. पहिल्या उमेदवारानंतर साहेब चहाला गेले. चहाला गेलेला साहेब कुठल्याही कचेरीतला असो, त्याच्या वेळेला नियम नसतो. साहेब आले तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. दुसरा उमेदवार एक तरुण होता. त्याने गाडी मागे घेताना खांब पाडला, मग तो खांब कोणी उभा करायचा यावर बोलणे झाले. इथून कचेरी वीस मिनिटांवर. भावजी उठले, बसले, पुन्हा उठले. घड्याळ पाहिले. शेवटी त्यांनी कचेरीतल्या मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे त्यांच्या साहेब, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. आवाज खणखणीत, मला सगळे ऐकू येत होते.

"मॅडम, मी निघतोच आहे. चारला पोचतो. फार तर पाच-सात मिनिटं इकडेतिकडे."

"काका, गेल्या महिन्यात टपाल टेबलावरच्या बाईंना सात मिनिटं उशीर झाला. तुम्ही काय केलं होतं?"

"अर्धी रजा लावली."

"त्या रडल्या होत्या."

"नियम आहे, मॅडम."

"मग तुम्हाला?"

भावजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मॅडमच पुढे म्हणाल्या, "हे बघा, आत्ता निघालात तर वेळेत पोचाल, रजा वाचेल. मी अडवत नाही. पण चार वाजून सात मिनिटांनी आलात तर रजाही जाणार आणि साडेपाचपर्यंत कामही कराल. हा सल्ला तुम्ही कोणाला दिला असता का?"

तेवढ्यात धाकटीच्या नावाचा पुकारा झाला. ती गाडीत बसली. पट्टा लावला. आणि मी पाहिले, तिने हात वर करून मधला आरसा वळवला. फाटक दिसू नये म्हणून.

भावजींनीही ते पाहिले. फाटक डाव्या हाताला, दहा पावलांवर. बाहेर रिक्षा उभी होती. भावजी त्या आरशाकडे बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "अर्धी लावा."

"काय? गाड्यांचा आवाज येतोय, काका. मोठ्याने बोला."

"अर्धी रजा लावा म्हणतो!" भावजी ओरडले. "अर्धी! दुपारच्या सत्राची! अर्ज उद्या देतो!"

मैदानातल्या सगळ्या माना वळल्या. खांब पाडणाऱ्या तरुणानेही पाहिले. गाडीच्या खिडकीतून धाकटीने मान बाहेर काढली, नवऱ्याकडे पाहिले, मान आत घेतली आणि आरसा पुन्हा जागेवर वळवला.

आठाचा आकडा नीट झाला. मागे घेताना थोडी वाकडी, पण खांब शाबूत. मग चढ. ती मध्यावर थांबली. मी बाकाची कड धरली होती आणि भावजी बसलेल्या जागी उजवा पाय जमिनीवर दाबून ब्रेक मारत होते. गाडी किंचित थरथरली आणि सरळ वर गेली.

उतरल्यावर साहेबांनी तिला विचारले म्हणे, "ते ओरडत होते ते कोण?"

"आमचे हे."

"रजेचं काय म्हणत होते?"

"आयुष्यातली पहिली अर्धी रजा घेतली. पास करा हो, वाया जायला नको."

साहेब हसले नाहीत. पास मात्र केले.

बाहेर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. भावजी रस्त्याच्या कडेला उभे राहिले, हात मागे बांधून. "आता काय करायचं?" त्यांनी विचारले. खरेच विचारले. साडेपाचपर्यंतचा वेळ त्यांच्या अंगावर दुसऱ्याच्या मापाच्या कोटासारखा लोंबत होता.

"चहा प्यायचा," धाकटी म्हणाली. "कपातून. बशीत न ओतता."

चहा झाला. तरी वेळ उरला. भावजी घड्याळ बघायचे, मग आठवून हात खाली घ्यायचे. "डब्यातली भाजी उद्यापर्यंत आंबेल," असे एकदा म्हणाले. कोपऱ्यावर हार्डवेअरचे दुकान लागले तेव्हा मात्र त्यांची पावले आपोआप आत वळली.

संध्याकाळी लिहिले: धाकटी पास. न्हाणीघरातल्या नळाचा वायसर भावजींनी बदलला. बादली उचलली.